तो दात चांगला होता

मी डेंटिस्ट आहे, आणि माझ्या सख्ख्या मावशीचा एक पूर्ण चांगला दात मी काढलाय. आधी त्याचं रूट कॅनाल केलं, तरी दुखतंय म्हटल्यावर तो काढला, आणि दोन्ही वेळा माझी खात्री होती की मी बरोबर करतेय. ती खात्री कशी तयार झाली तेच आज लिहायचंय, कारण ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हा चेहऱ्याच्या नर्व्हचा आजार दातांच्या डॉक्टरला अगदी पद्धतशीर फसवतो आणि त्यात पेशंटचे दात जातात.

मावशी तेव्हा 61 वर्षांची होती. फोनवर म्हणाली, "अगं, वरच्या दातात करंट बसल्यासारखं होतंय." मी करंट हा शब्द ऐकला आणि सोडून दिला, कारण दात दुखतो तेव्हा लोक कायकाय म्हणतात, ठणका म्हणतात, सणक म्हणतात, शॉक म्हणतात, आपल्याला सवय झालेली असते. तिने मात्र अगदी नेमकं सांगितलं होतं. उजव्या नाकपुडीच्या कडेला सुरू होतं, वरच्या ओठातून हिरडीत जातं, एक-दोन सेकंद टिकतं आणि मग काहीच नाही, म्हणजे हलकं ठणकणं वगैरे पण नाही, एकदम स्वच्छ. थोड्या वेळाने पुन्हा तेच. रात्री झोप लागली की सकाळपर्यंत त्रास नाही, आणि सकाळी ब्रश तोंडात घातला की पहिली कळ.

मी तपासलं. वरच्या उजव्या बाजूच्या प्रीमोलरमध्ये जुनं फिलिंग होतं. एक्स-रे स्वच्छ, दातावर ठोकून पाहिलं तर दुखत नाही, थंड लावलं तर जेवढं लागायला हवं तेवढंच लागलं. म्हणजे दातात बिघाड आहे असं सांगणारी एकही खूण नव्हती. मग मी ते केलं जे आम्हाला शिकवलेलं असतं: कुठला दात दुखतोय ते कळत नसेल तर त्या दातापाशी भुलीचं इंजेक्शन द्या, दुखणं थांबलं तर तोच दात. इंजेक्शन दिलं आणि दुखणं थांबलं. भूल उतरेपर्यंत दोन-अडीच तास तिला एकही कळ आली नाही, तिने ब्रशसुद्धा करून पाहिला. याहून जास्त पुरावा काय हवा, असं मला वाटलं.

आज माहितीय की त्या इंजेक्शनने फक्त एवढंच सिद्ध झालं की कळ *सुरू होण्याची जागा* तिथे आहे. या आजारात चेहऱ्यावर किंवा हिरडीवर एखादा बोटाच्या टोकाएवढा ठिपका असतो, त्याला ट्रिगर झोन म्हणतात, आणि तिथला हलका स्पर्श हे बटण असतं. बटण बधिर केलं की दिवा लागत नाही. म्हणून वायरिंगचा बिघाड बटणात आहे असं होत नाही, तो फार लांब, कवटीच्या आत असतो. पण मी बटणच काढून टाकलं.

आणि अजून एक गोष्ट झाली जिने मला आणखी फसवलं. दात काढल्यावर जवळजवळ सात आठवडे तिला काहीही झालं नाही. मावशी खूश, मी खूश. हा आजार असा मध्येच स्वतःहून थांबतो, कधी काही आठवडे, कधी महिने, कधी वर्षंसुद्धा, आणि त्या आधी जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते दात काढणं असो की कुठलं तेल लावणं. आठव्या आठवड्यात कळ परत आली, शेजारच्या दातात. मावशी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हा पण काढून टाक, मला आता सहन होत नाही."

तो दात मी काढला नाही. मी फार शहाणी झाले होते असं नाही, तिच्या ओठाच्या कडेला थोडं पाणी होतं ते मी कापसाने टिपायला गेले, कापूस नाकपुडीच्या बाजूला जेमतेम टेकला, आणि तिचा अर्धा चेहरा आवळला, श्वास थांबला, डोळ्यात पाणी. तिचा हात गालाकडे गेला पण गालाला लागला नाही. गालापासून बोटभर अंतरावर तसाच थांबला. वीस वर्षांत मी दात दुखणारे शेकडो लोक पाहिले, ते सगळे गाल दाबून धरतात, तळहाताने, उशीने, ज्याने जमेल त्याने. गालापाशी हात नेऊन तो हवेतच धरणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. काही सेकंदांनी मी घाबरत पुन्हा त्याच जागी कापूस टेकवला. काही नाही. तिलाही आश्चर्य वाटलं. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा टेकवला आणि पुन्हा तेच. हे जे मधलं शांत राहणं आहे ना, ते या आजाराचं खास लक्षण आहे, एकदा कळ येऊन गेली की काही सेकंद ते काही मिनिटं ती पुन्हा पेटवता येत नाही. हे माहीत नसलं की डॉक्टरला वाटतं पेशंट वाढवून सांगतोय, कारण आत्ता दुखलं म्हणाली आणि आता त्याच जागी हात लावला तर काही नाही.

मी तिला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी दहा मिनिटं फक्त गोष्ट ऐकली आणि नाव सांगितलं. हे निदान गोष्टीवरच होतं, एका बाजूला, सेकंदाच्या भागापासून फार तर दोन मिनिटांपर्यंतची, विजेसारखी, निरुपद्रवी स्पर्शाने सुरू होणारी कळ. स्कॅन नंतर येतो आणि तो वेगळ्या प्रश्नासाठी असतो.

तर आता तो मूळ प्रश्न, जो मावशीने मला पन्नास वेळा विचारला. "दाबलं तर चालतं, वाऱ्याची झुळूक का चालत नाही?"

चेहऱ्याची संवेदना नेणारी नर्व्ह म्हणजे ट्रायजेमिनल, तिला तीन फांद्या, एक कपाळ आणि डोळा, दुसरी गाल आणि वरचा जबडा, तिसरी खालचा जबडा. आजार बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या फांदीत दिसतो, म्हणून तर सगळे आधी आमच्याकडे येतात. या नर्व्हमध्ये हजारो बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात. हलक्या स्पर्शाचे तंतू जाड असतात आणि त्यांच्यावर मायलिन नावाच्या चरबीयुक्त आवरणाचे भरपूर थर असतात, वायरवरच्या प्लास्टिकसारखे. वेदना नेणारे तंतू बारीक, त्यांच्यावर आवरण पातळ किंवा अजिबातच नाही. नेहमी या दोन प्रकारच्या तंतूंचा एकमेकांशी संबंध येत नाही, शेजारी शेजारी असून प्रत्येकाचा निरोप वेगळा जातो.

आता ही नर्व्ह मेंदूच्या देठाला जिथे जोडलेली असते तिथले सुरुवातीचे काही मिलिमीटर नाजूक असतात, कारण तिथे मेंदूच्या आतलं मायलिन संपतं आणि बाहेरचं मायलिन सुरू होतं, दोन वेगळ्या पेशी ते बनवतात, आणि तो सांधा कच्चा असतो. त्याच्या अगदी जवळून छोट्या मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. वय वाढलं की धमन्या लांबतात, वाकड्या होतात, त्यांचं एखादं वेटोळं येऊन नर्व्हवर टेकतं, आणि मग ते प्रत्येक ठोक्याला, मिनिटाला सत्तर वेळा, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तिथे आपटत राहतं. त्या जागी मायलिन झिजतं. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या नमुन्यांत हे मायक्रोस्कोपखाली दिसलंय, आवरण गेलेले उघडे तंतू एकमेकांना चिकटून पडलेले.

आवरण सगळ्यात जास्त कोणाकडे होतं? स्पर्शाच्या तंतूंकडे. म्हणून बिघाडही त्यांच्यातच जास्त. उघड्या पडलेल्या तंतूला जरासा धक्का मिळाला की तो एक निरोप पाठवून थांबत नाही, तो स्वतःच फटाफट सुटत राहतो, आणि शेजारच्या उघड्या तंतूंना पेटवतो, त्यात वेदनेचे तंतू पण आले. एका काडीने पेटी पेटावी तसं. म्हणजे कापूस टेकला त्याचा निरोप "कापूस" असाच निघाला होता, तो वाटेत, मेंदूत शिरायच्या दाराशी, "आग" झाला. आणि जोरात दाबलं तर तो दाब मुख्यतः वेगळ्या, खोलवरच्या तंतूंमधून जातो, म्हणून मावशी गाल दाबू शकायची पण ओढणीचं टोक लागलं तर कळवळायची. मग सगळे तंतू एकदम सुटून दमतात आणि थोडा वेळ कोणीच पेटत नाही, ते माझे दोन-तीन मिनिटं. हा अजूनही सिद्धांतच आहे, पण या आजाराच्या सगळ्या विचित्र सवयी एकत्र समजावून सांगणारं याहून चांगलं स्पष्टीकरण माझ्या वाचण्यात नाही.

आणि हे कळलं की औषध नेहमीच्या पेनकिलरसारखं का नसतं तेही कळतं. मावशीने कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या मूठभर खाल्ल्या होत्या, शून्य फरक. कारण इथे सूज नाहीये, इथे तंतू गैरवेळी सुटतायत, आणि सुटणं म्हणजे सोडियम आत येण्याची दारं उघडणं. ती दारं, खास करून जी वारंवार उघडझाप करतायत तीच, बंद ठेवणारी गोळी लागते, आणि ती फिट्सची गोळी आहे, कार्बामाझेपिन. 1962 मध्ये ब्लोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी ती या आजारात पहिल्यांदा वापरल्याचं छापलं, आणि आजही पहिली गोळी तीच.

मावशीला 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ब्रश केला. फोनवर रडत होती. इतक्या छोट्या डोसने इतक्या लवकर फरक पडणं हे निदानाला दुजोरा देणारं असतं, दात खरंच दुखत असता तर या गोळीने असं झालं नसतं. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, त्यात एक जनुकाची टेस्ट पण होती, एचएलए-बी 1502, कारण आशियाई वंशाच्या काही लोकांत हे जनुक असतं आणि त्यांच्यात ही गोळी अंगभर त्वचा सोलवटून काढणारी भयंकर रिअ‍ॅक्शन देऊ शकते. टेस्ट निगेटिव्ह असली तरी सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरला कळवायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

महिन्याभराने कळा परत डोकवायला लागल्या. आम्हाला वाटलं गोळी फेल गेली, पण तसं नव्हतं. ही गोळी लिव्हरला स्वतःलाच लवकर संपवायला शिकवते, त्यामुळे तीन ते पाच आठवड्यांनी तोच डोस रक्तात कमी पडतो, आणि तो थोडा वाढवावा लागतो. 600 वर गेलो, मग 800. कळा थांबल्या. पण मावशी चालताना भिंतीला हात लावायला लागली, दुपारी बोलता बोलता झोपायची, एकदा म्हणाली मला दोन-दोन दिसतंय. आम्ही वयावर ढकललं, जे करायला नको होतं. तिला गोंधळल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा रक्त तपासलं, सोडियम 126, जे 135 च्या वर हवं. हा या गोळीचा ओळखीचा त्रास आहे आणि वय जास्त असेल तर जास्तच. मी विचारलं, या गोळीची धाकटी बहीण ऑक्सकार्बाझेपिन देऊन बघूया का, ती सौम्य आहे म्हणतात. डॉक्टर म्हणाले झोप-चक्कर कमी होईल पण सोडियम ती अजून जास्त पाडते, हिला नको. डोस खाली आणला, जोडीला बॅक्लोफेन दिलं. सोडियम वर आलं, आणि कळा पण.

इथे, गोळी लागू पडते पण लागू पडेल एवढी घेता येत नाही अशा ठिकाणी, बहुतेक लोक ऑपरेशनच्या प्रश्नापाशी येतात. गोळी अजिबात लागूच पडली नाही असं सुरुवातीला झालं तर मात्र आधी निदानावरच शंका घ्यायला हवी.

एमआरआय आधीच झाला होता, तो सगळ्यांचा करतातच, कारण काही जणांत धमनीऐवजी गाठ असते किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन खराब करणाऱ्या आजाराचा चट्टा असतो. वय कमी असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल, चेहरा बधिर असेल तर हा संशय मोठा. मावशीचं यातलं काही नव्हतं. आता नर्व्हचे अगदी बारीक काप घेणारा स्कॅन केला. सर्जनने स्क्रीनवर दाखवलं, पांढऱ्या पाण्यात एक करडी दोरी, आणि तिच्यावर वरून टेकलेली एक काळी वेटोळी, सुपिरिअर सेरेबेलर आर्टरी, आणि दोरी तिथे खरंच दबून चपटी झालेली. ते म्हणाले, "मावशी, नुसता स्पर्श दिसला असता तर मी एवढं महत्त्व दिलं नसतं, अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनमध्येही धमनी नर्व्हला टेकलेली दिसते. तुमची नर्व्ह दबलीय, जागेवरून सरकलीय. ते वेगळं."

मग त्यांनी निवड समोर ठेवली आणि मला ती पद्धत फार आवडली, कारण त्यांनी ऑपरेशनांची नावं नाही सांगितली, प्रश्न विचारला. "नर्व्ह वाचवायची आहे की थोडी मारायची आहे?"

वाचवायची तर कानामागे कवटीला छोटी खिडकी पाडून आत जायचं, मायक्रोस्कोपखाली ती धमनी नर्व्हवरून उचलायची आणि मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा बोळा ठेवायचा. मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन. धमनी टेकलेली असते हे वॉल्टर डँडी यांनी 1930 च्या दशकातच ऑपरेशन करताना पाहिलं होतं, पण ती उचलून ठेवण्याचं हे ऑपरेशन रुळवलं 1960 च्या दशकापासून पीटर जॅनेटा यांनी. त्यांच्याच टीमने 1996 मध्ये 1185 पेशंटचा हिशोब छापला, दहा वर्षांनी सुमारे 70 टक्के लोक गोळीशिवाय वेदनामुक्त होते. बाकी सगळ्या उपायांपेक्षा हे जास्त टिकतं आणि चेहरा बहुतेक वेळा शाबूत राहतो. पण ते मेंदूजवळचं ऑपरेशन आहे. त्या बाजूचं ऐकू येणं जाऊ शकतं, मेंदूभोवतीचं पाणी गळू शकतं, क्वचित स्ट्रोक, आणि हजारात दोन-तीन मृत्यू. हे त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही.

थोडी मारायची म्हणजे गालातून सुई घालून कवटीच्या तळातल्या छिद्रातून नर्व्हच्या तीन फांद्या जिथून फुटतात तिथपर्यंत जायचं आणि ती उष्णतेने किंवा छोट्या फुग्याने दाबून किंवा ग्लिसरॉलने जरा जखमी करायची, नाहीतर बाहेरून गॅमा नाइफचे किरण तिच्या मुळावर एकवटायचे. सुईने आराम लगेच मिळतो, किरणांनी काही आठवडे ते महिने थांबावं लागतं, त्यामुळे जो आत्ता पाणीसुद्धा पिऊ शकत नाही त्याला किरण पहिले देऊन उपयोग नाही. दोन्हींत किंमत म्हणजे बधिरपणा, आणि बऱ्याच जणांत काही वर्षांनी दुखणं परत येतं, पण परत करताही येतं. माझ्या ओळखीचे एक 82 वर्षांचे आजोबा, हृदय कमजोर, त्यांनी सुईचा उपाय घेतला, उष्णतेचा. हनुवटीचा अर्धा भाग बधिर आहे, घास कधी ओठातून ओघळतो, आणि ते म्हणतात हे दहा वेळा चालेल. त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं. कपाळाच्या फांदीत दुखत असेल तर मात्र सुईवाले फार जपून वागतात, कारण डोळ्याची बुबुळं बधिर झाली तर कचरा गेलेला कळत नाही आणि डोळा जातो. आणि अगदी क्वचित, बधिर केलेल्या जागीच एक सतत जळणारी वेदना राहते, ती आधीच्यापेक्षा वाईट आणि तिच्यावर उपाय फार थोडे. नर्व्हला जितकं जास्त जखमी करावं तितका हा धोका वाढतो.

मावशी 63 ची, हृदय ठीक, बीपी ताब्यात, स्कॅनमध्ये दबलेली नर्व्ह, आणि दुखणं शुद्ध विजेसारखं, मधल्या वेळेत सतत जळजळ नाही (ती असती तर ऑपरेशनचा गुण कमी येतो). तिने दोन दिवस घेतले. मग मला म्हणाली, "बधिर चेहरा घेऊन मला नातवाचा पापा कळणार नाही. उघडू दे डोकं."

ऑपरेशन साधारण तीन तास चाललं, कानाची नर्व्ह नीट आहे ना ते सगळा वेळ मशिनवर बघत होते. शुद्धीवर आली तेव्हा डोकं भयंकर दुखत होतं, उलट्या होत होत्या, आणि कळ नव्हती. गोळ्या एकदम नाही थांबवल्या, दोन महिन्यांत उतरवत नेल्या. उजव्या कानात थोडे दिवस दडे बसल्यासारखं होतं, ते गेलं.

याला चार वर्षं झाली. आता माझ्याकडे कोणी वरच्या दातात करंट बसतो म्हणून आलं की मी दाताआधी माणसाचा हात बघते, तो गाल दाबतोय की गालापासून लांब राहतोय, आणि ट्रिगरची जागा विचारते, आणि इंजेक्शनने बरं वाटलं याला पुरावा मानत नाही. दोन जणांचे दात त्यामुळे जागेवर राहिले. मावशीची ती जागा रिकामीच आहे, इम्प्लांट करूया म्हटलं तर नको म्हणते, तिथे आता कोणी काही करायचं नाही.

दर सहा महिन्यांनी ती क्लीनिंगला येते. सुरू करण्याआधी मी कापसाचं टोक तिच्या नाकपुडीच्या बाजूला फिरवते. मागच्या वेळी तिने एकदम डोळे मिटले, नाक आक्रसलं, माझा हात जागीच थांबला.

"नाही गं," ती म्हणाली, "गुदगुल्या झाल्या."